तुम्ही विचारलंत म्हणून: दगड दहाचा, खड्डा दोनशेचा

"दगड दहा किलोमीटरचा होता म्हणता, मग खड्डा दोनशे किलोमीटरचा कसा? आणि पडला मेक्सिकोत, तर सगळं जग का मेलं?"

डायनासोर संपवणाऱ्या, मेक्सिकोत चिक्शुलूबला पडलेल्या दगडाबद्दल लोणारच्या काठावर हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात "थापा मारू नका" हेही असतं. मी थापा मारत नाही.

दगड कुदळीसारखा खणत नाही. सेकंदाला वीसेक किलोमीटरने येणारा दगड आपल्या वजनाच्या जवळजवळ पन्नासपट टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन येतो. आदळताच तो स्वतः वितळून वाफ होतो आणि जमिनीत दाबाची लाट सुटते. तिच्यामागोमाग कातळ बाहेरच्या दिशेने वाहू लागतो. लोणारला एवढ्यावरच भागलं, वाटीसारखा खड्डा उरला. चिक्शुलूबला मात्र सुमारे तीस किलोमीटर खोल पडलेला खड्डा टिकणंच शक्य नव्हतं. पाण्यात खडा टाकल्यावर मधून पाणी उसळतं, तसा तळ डोंगराएवढा वर आला, पुन्हा बसला आणि त्याचं कडं झालं. कडेचा खडक आत घसरत गेला, म्हणून रुंदी वाढली. हे सगळं काही मिनिटांत झालं.

"तुम्ही होतात का बघायला?" असं एका पालकांनी मुलांसमोर विचारलं होतं. ते मला लागलं, अजून लागतं.

बघायला कोणी नव्हतं, पण २०१६ साली समुद्रतळाखालच्या त्या कड्यात छिद्र पाडून खडकाचे नळकांडीसारखे तुकडे वर काढले. त्यात गुलाबी ग्रॅनाइट निघाला, तोही आघाताने तडकलेला. त्याची जागा कित्येक किलोमीटर खाली होती. इथे तो समुद्रतळाखाली जेमतेम पाऊण किलोमीटरवर सापडला. तळ उसळल्याशिवाय तो तिथे येतो कसा?

त्याहून मोठी साक्ष न सापडलेल्या गोष्टीची आहे. आजूबाजूच्या थरांत जिप्सम भरपूर, पण खड्ड्यात भरलेल्या मलब्यात ते जवळजवळ नाहीच. त्यातलं गंधक वायू होऊन वर गेलं आणि सल्फेटच्या सूक्ष्म थेंबांनी, बारीक धुळीने आणि काजळीने मिळून सूर्य अडवला. काही मॉडेलांत जागतिक सरासरी तापमान वीस अंशांहून जास्त उतरतं. प्रकाशसंश्लेषण थांबलं, की आधी प्लवक आणि झाडं जातात, मग त्यांच्यावर जगणारे. सुमारे पंचाहत्तर टक्के प्रजाती गेल्या. हाच दगड खोल महासागरात पडला असता, तर इतकं गंधक उडालं नसतं.

पण दख्खनच्या कातळावर वाढलेली, कॉलेजातली मी आजच्या माझ्याशी अजून हुज्जत घालते: आपला लाव्हा त्याच काळात वाहत होता, त्याचं काय? मी म्हणते, तो लाखो वर्षं वाहिला, निसर्गाला सावरायला वेळ होता. जमिनीत दुर्मिळ पण अवकाशातल्या दगडांत जास्त सापडणाऱ्या इरिडियम धातूचा थर मात्र नेमका ऱ्हासाच्या रेषेवर बसतो. ती ऐकत नाही. २०१९ साली सह्याद्रीतल्या खडकांची वयं मोजणाऱ्या दोन गटांपैकी एकाला उद्रेकाचा एक मोठा टप्पा आघाताच्या थोडा आधी सुरू झालेला दिसला, तर दुसऱ्याच्या हिशेबाने बहुतेक लाव्हा आघातानंतरचा. माझा कल दगडाकडे आहे, तिचा नाही.