पाडव्याचं भाषण आणि झिणझिण्या देणारा कूलर

गुढीपाडव्याला आमच्या कूलरच्या दुकानाला 25 वर्षं झाली. नागपुरात पाडवा म्हणजे सीझन ऐन भरात येण्याआधीचे दिवस. माळ्यावरचे कूलर उतरतात, कूलरच्या ताट्यांमधलं गवत, म्हणजे वुडवूल, बदलायला गर्दी होते, म्हणून कार्यक्रम दुकानाच्या फुटपाथवरच ठेवला होता. नेहमीचे गिऱ्हाईक, आमचे मिस्त्री, वाइंडिंगवाले काका आणि ताट्या भरणाऱ्या बाया, सगळे समोर होते.

मी आधी मिस्त्र्यांचे आभार मानले. नवतपात पारा 45 च्या वर असताना गच्चीवरच्या पत्र्याच्या कूलरमध्ये डोकं घालून मोटर बदलणं काय असतं, ते करणाऱ्यालाच माहीत. ताट्या भरणाऱ्या बायांचे आभार वेगळे मानले. वुडवूल एकसारखं पसरलं नाही तर हवा मोकळ्या जागेतून आत शिरते, ओल्या गवतातून जात नाही आणि कूलर नुसता पंखा होतो. पंखा आणि पंप चांगले असूनही हवा गार येत नाही, तेव्हा बहुतेकदा दोष ताटीतल्या त्या पोकळ जागेचा असतो. गिऱ्हाइकांचे आभार मानायला सुरुवात केली तेवढ्यात नंदनवनच्या एक काकू उठल्या.

"भाऊ, आमच्या कूलरचं बटन बंद करूनही पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात. कधी येतात, कधी नाही. मुलगा म्हणते, ओल्या हाताचं असंच असते."

कूलर त्यांच्या मुलाने सर्व्हिसिंगसाठी त्याच सकाळी आणून ठेवला होता. भाषण तिथंच थांबवलं आणि कूलर सगळ्यांसमोर घेतला. झिणझिण्यांची तक्रार उद्यावर टाकायची नसते.

अठरा इंची पंख्याचा, पत्र्याच्या टाकीचा साधा कूलर. वायर दोन तारांची, पिन दोन टोकांची. म्हणजे बॉडीला अर्थिंग नाहीच. कूलर कोरड्या लाकडी फळीवर ठेवला, टाकीत पाणी भरलं आणि सगळ्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं. मल्टिमीटरची एक तार पत्र्याला, दुसरी आमच्या बोर्डच्या अर्थ पिनला लावली. चालू कूलरवर मीटरने दोनशेच्या वर व्होल्टेज दाखवलं. मग कूलरचं बटन बंद केलं. पंखा थांबला, पंप थांबला, पण मीटरवरचा आकडा काही उतरला नाही. काकू म्हणाल्या ते शब्दशः खरं होतं.

आता पिन काढली, उलटी फिरवून लावली आणि बटन बंदच ठेवलं. मीटर शून्यावर आला.

कारण साधं आहे. कूलरचं बटन दोनपैकी एकच तार तोडतं. ती फेजची असेल तर आतला करंट तुटतो. दोन टोकांची पिन उलटी बसली की बटन न्यूट्रलवर जातं. तेव्हा कूलर थांबतो, पण फेज मोटर आणि पंपापर्यंत तसाच उभा असतो. सफाईला पिन काढली, पुन्हा लावली की कधी सुलटी बसते, कधी उलटी. "कधी येतात, कधी नाही" याचा उलगडा एवढाच. म्हणून टाकीत हात घालण्याआधी पिन सॉकेटमधून काढून बाहेर ठेवायची. नुसतं बटन बंद करून भागत नाही.

डिजिटल मीटर मात्र कधी कधी फसवतो. अर्थ नसलेल्या पत्र्यावर, काहीही लीक नसताना, तो खोटं व्होल्टेज दाखवू शकतो. म्हणून मिस्त्र्यांनी पिन पुन्हा पहिल्यासारखी, व्होल्टेज दाखवत होती तशी लावली आणि पत्रा व अर्थ यांच्यामध्ये 15 वॉटचा बल्ब जोडला. खोटं व्होल्टेज बल्ब पेटवू शकत नाही, ते लगेच बसतं. इथं बल्ब नीट पेटायच्या आतच टकन आवाज झाला आणि बोर्डवरचा, लीक झाला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी पडला. लीक खरा होता. घरी आरसीसीबी नसता, पाय ओल्या फरशीवर असते, तर हाच करंट माणसातून गेला असता. हा बल्बचा प्रयोग घरी कोणीही करू नये, हेही मी तिथंच सांगितलं.

लीक कुठून, हे शोधायला पिन काढून पंप वेगळा केला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. पंपाच्या दोन्ही तारा एकत्र करून इन्सुलेशन तपासायच्या मेगरच्या एका टोकाला जोडल्या, दुसरं टोक त्याच बादलीच्या पाण्यात सोडलं, आणि 500 व्होल्टवर काटा जवळजवळ शून्यावर बसला. आमच्याकडे दोन मेगाओमच्या खाली आलेला पंप परत कूलरमध्ये जात नाही. मोटर तपासली, ती चांगली निघाली.

पंप का गेला, ते त्याला उघडल्यावर दिसलं. या छोट्या पंपाचं वाइंडिंग एपॉक्सीत बुडवलेलं असतं, तेच त्याचं चिलखत. टाकीतलं पाणी आटलं आणि पंप कोरडा फिरत राहिला, की वाइंडिंग तापतं, एपॉक्सीला बारीक तडा जातो आणि पुढच्या वेळी पाणी आत शिरतं. बोअरचं जड पाणी असेल तर इंपेलरवर पांढरा थर बसतो, पंप अडकतो, न फिरता गुणगुणत तापतो आणि तिथंही तेच होतं. काकूंच्या पंपाच्या इंपेलरवर नखाने खरवडावा लागेल इतका थर होता. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. त्यामुळे नुसतं वरून पाणी भरत राहिलं तर टाकीतलं पाणी रोज अधिक जड होतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, घासणंच लागतं.

नवा पंप बसवला, तीन तारांची वायर टाकली. हिरवी तार पत्र्याला जोडताना मिस्त्र्यांनी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला आणि दातेरी वॉशर घालून नट आवळला. रंगावरच नट आवळला तर अर्थिंग फक्त डोळ्याला दिसते, करंट तिथून जात नाही. काकूंना सांगितलं, घरच्या तीन टोकांच्या सॉकेटमध्ये अर्थ खरोखर आहे का, हे लायसन्सवाल्या वायरमनकडून बघून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ कमजोर होतो.

मग भाषण पुढे सुरू केलं. पुढं काय करणार, हे मला त्या कूलरने सोपं करून दिलं. या पाडव्यापासून आमच्याकडून दोन तारांची वायर असलेला कूलर बाहेर जाणार नाही, मग तो नवा असो की दुरुस्तीचा. प्रत्येक कूलरला एक चिठ्ठी बांधू, तिच्यावर मेगरचं रीडिंग, तारीख आणि तपासणाऱ्या मिस्त्र्याची सही असेल. जुन्या गिऱ्हाइकांना पिन आणि वायर मजुरी न घेता बदलून देऊ. पावसाळ्यात हवाच ओली असते, कूलर फारसा गार करत नाही आणि आमच्या पोरांना काम कमी असतं. त्या महिन्यांत पंप तपासायचं काम ठेवू, म्हणजे पगारही चालू राहील आणि मे महिन्यातली गर्दीही हलकी होईल.

तपासायला अख्खा कूलर आणू नका, पंप तेवढा आणा. आदल्या रात्री तो बादलीत बुडवून ठेवा आणि पिशवीत घालून ओलाच आणा. कोरड्या पंपाचा तडा मेगरला दिसत नाही.