सोंड की दरी?

दहावीत भूगोलाच्या बाईंनी आम्हाला ठाण्याच्या खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगराचा एक फोटो दिला होता. डोंगराचा नव्हे, त्याच्या नकाशाचा! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाचा कृष्णधवल फोटो मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मूळ नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी असतात. फोटोत रंग गेले आणि समोच्च रेषा, ओढे, पायवाटा सगळ्या करड्या झाल्या.

पश्चिम उतारावरच्या एका जागी रेषा डावीकडे, म्हणजे खाडीकडे, बाक घेत होत्या. मी ठामपणे सांगितलं, "बाई, ही दरी." बाईंनी चूक म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी चढ कुठे आहे ते सांग."

आकडे अंधुक होते, पण जाड रेषांवरचे दोन वाचता आले. खाडीच्या बाजूला १००, माथ्याच्या बाजूला २००. मध्ये चार बारीक रेषा, म्हणजे दर रेषेला २० मीटर. मग बाईंनी त्या बाकांवरून पट्टीने उत्तर-दक्षिण एक रेघ ओढायला लावली आणि ती ज्या रेषांना छेदते त्यांची उंची क्रमाने लिहायला सांगितली. १००, १२०, १४०, पुन्हा १४०, १२०, १००. मध्ये उंच, दोन्हीकडे उतार. ती दरी नव्हतीच, डोंगराची सोंड होती! शेजारच्या बाकांची टोकं उजवीकडे, माथ्याकडे वळलेली होती. तिथे हीच रेघ पुढे नेली तर १००, ८०, ६०, पुन्हा ६०, ८०, १००. ती दरी. बाकाचा आकार दोन्हीकडे सारखाच. टोक चढाकडे असेल तर दरी, उताराकडे असेल तर सोंड.

ओढा ओळखायलाही रंगाची गरज पडली नाही. समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत. ओढा मात्र त्यांना छेदत, दरीतल्या बाकांच्या टोकांमधून खाली जातो. पायवाट सोंडेवरूनही जाते, म्हणून नुसती रेघ पाहून ओढा म्हणायचं नाही.

फोटोत आणखी एक खोट होती. छपाईतला १:५०,००० हा आकडा आता खरा नव्हता. मूळ नकाशात १ किलोमीटरला २ सेंटिमीटर. आमच्या फोटोतली मोजपट्टी मोजली तर ५ भरले. आडवं अंतर त्या पट्टीवरूनच घ्यायचं. रेषांमधले २० मीटर मात्र फोटो कितीही मोठा केला तरी २०च राहतात. आणि कॅमेरा तिरका धरलेला असेल तर लांबच्या कडेच्या रेषा दाटतात, तिथला उतार आहे त्यापेक्षा खडा वाटतो. आमच्या फोटोची चौकट वरच्या बाजूला अरुंद झाली होती, त्यावरून ते कळलं. म्हणून वरच्या कडेच्या उताराबद्दल बाईंनी काहीच लिहू दिलं नाही.

जुलैत पाऊस उघडला तेव्हा त्या आम्हाला गच्चीवर घेऊन गेल्या. पारसिकच्या हिरव्या उतारावर पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. फोटो हातात धरून मी माझी सोंड शोधली. तिच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहत होतं, तिच्यावर नव्हतं.