डच मॅनेजरला फॉलो-अप मेल कसा लिहिला: माझा अनुभव

वागळे इस्टेटमधल्या ज्या एजन्सीमार्फत मी नेदरलँड्सच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जागेसाठी अर्ज केला होता, तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. अर्ज, टेस्ट, ऑनलाइन राउंड सगळं सुरळीत झालं. शेवटचा इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅनेजर बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या आठवड्याअखेर कळवते." तो आठवडा गेला, पुढचाही सरत आला. एजन्सीतल्या मुलाला फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." थेट मेल करू का विचारलं, तर म्हणाला, "नको हं, फॉरेनच्या लोकांना मागे लागलेलं आवडत नाही."

इकडे ऐरोलीतल्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा. एकदा राजीनामा टाकला की परत फिरणं अवघड. मी इतकी मागे लागले की शेवटी त्या मुलाने एक मसुदा पाठवला. आपण कुशल असाल अशी आशा, मौल्यवान वेळ दिल्याबद्दल ऋणी, संधी मिळाली तर भाग्य समजेन, सवडीने कळवावे ही नम्र विनंती.

आमच्या ऑफिसातले एक सर काही वर्षं आइंडहोवनला राहून आले आहेत. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "यात प्रश्न कुठे आहे?"

खरंच नव्हता. सर म्हणाले, "सवडीने म्हटलंस तर त्या खरंच सवडीने बघतील. त्यात त्यांचा उद्धटपणा नाही, तूच घाई नाही असं सांगितलंस. तारीख लिही, आणि ती तारीख का, तेही लिही."

मग कामावरून आल्यावर घरी बसून मेल नव्याने लिहिला. इंटरव्ह्यूच्या निमंत्रणाच्याच मेलला उत्तर दिलं, म्हणजे त्यांना मागचं शोधावं लागू नये. सुरुवातीला 'मॅडम' न लिहिता त्यांचं पहिलं नाव. हे लिहिताना हात अडखळला, पण त्यांनीच इंटरव्ह्यूत स्वतःची ओळख तशी करून दिली होती. मग एका वाक्यात आभार, तेही मोघम नाही: त्यांच्या टीममध्ये टेस्टर आणि डेव्हलपर एकाच टेबलाशी बसतात हे ऐकून बरं वाटलं, असं. त्यानंतर मुद्दा: मला दुसरी ऑफर आहे, शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे, तुमची जागा मला जास्त आवडेल. माझ्या नावाचा अजून विचार होतोय का, हे बुधवारपर्यंत सांगता येईल का? निर्णय झाला नसेल तर तेवढं कळवलंत तरी चालेल, आणि नकार असेल तर तोही स्पष्ट सांगा.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जड गेलं. नकार मागून घेतोय की काय असं वाटलं. सरांचं म्हणणं, समोरच्याला नाही म्हणायला सोपं केलंस की तीच सभ्यता. माझा पहिला प्रयत्न मात्र भलताच कोरडा झाला होता, 'बुधवारपर्यंत उत्तर हवे' एवढंच. तेही सरांनी खोडलं, कारण कारणाशिवायची तारीख म्हणजे हुकूम.

पाठवण्याआधी एक गोष्ट नशिबाने दिसली. त्यांच्या सहीखाली कामाचे वार दिलेले होते: सोमवार ते गुरुवार. तिकडे आठवड्यात चारच दिवस काम करणारे पुष्कळ आहेत. म्हणजे माझी शुक्रवारची मुदत त्यांच्या हिशेबात गुरुवारीच संपत होती, आणि शुक्रवारी पाठवलेला मेल सोमवारी उघडला गेला असता. मी सोमवारी दुपारी पाठवला, तेव्हा तिकडे सकाळ होती.

त्याच दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं. तुम्ही आमची दुसरी पसंती आहात. पहिल्या उमेदवाराला मंगळवारपर्यंत वेळ दिला आहे. त्याने नाही म्हटलं तर जागा तुमची. बुधवारी सकाळी कळवते.

मी ते वाचून थंडच झाले. आपल्याकडे कोणी असं तोंडावर 'दुसरी पसंती' म्हणेल? रात्रभर अपमान वाटला. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याउभ्या परत वाचला, तेव्हा लक्षात आलं की एजन्सीने इतक्या दिवसांत दिली नाही तेवढी माहिती यात आहे. ऐरोलीवाल्यांना काय सांगायचं ते मला आता ठरवता येत होतं. लगेच लिहिलं, स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, बुधवारची वाट पाहते. उगाच आणखी आठवण पाठवली नाही.

हे करणाऱ्यांनी एक सांभाळा: नसलेल्या ऑफरचा धाक घालू नका. इकडे त्यावर पगाराची घासाघीस सुरू होते. तिकडच्या बाई 'अभिनंदन, मग ती घ्या' असं मनापासून लिहून मोकळ्या झाल्या असत्या.

बुधवारी मेल आला. पहिल्याने होकार दिला होता. ऑटोमेशनचा त्याचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता, हेही त्यांनी विचारायच्या आत लिहिलं. मी गुरुवारी ऐरोलीला होकार कळवला. एजन्सीला कळवायचं राहून गेलं, आणि मुद्दामच राहू दिलं.