«मॅडम, हिचा नंबर लागेल ना?»

संगमनेरला अकरावी-बारावीला गणित शिकवते. मे महिना उजाडला की रोज संध्याकाळी कुणाचे ना कुणाचे पालक येऊन बसतात आणि प्रश्न एकच असतो. 2025च्या मेमध्ये एका विद्यार्थिनीचे वडील आले, ती लेकही सोबत होती. इंजिनिअरिंग प्रवेशाची एमएचटी-सीईटी होऊन गेली होती, लॉगिनमध्ये उत्तरतालिका आली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता. खुर्चीवर टेकता टेकताच त्यांनी विचारलं, "मॅडम, पुण्यात कॉम्प्युटरला हिचा नंबर लागेल ना? दुसऱ्या क्लासवाल्यांनी अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल पक्के सांगितलेत."

"पक्के" हा शब्द मी या बाबतीत वापरत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही कोचिंग क्लासने रँकची किंवा चांगल्या गुणांची हमी द्यायची नसते. पण नुसतं "सांगता येत नाही" म्हणून पालकाला परत पाठवणं मला तितकंच चुकीचं वाटतं. त्यांना फॉर्म भरायचा असतो, पैशांची सोय करायची असते. म्हणून जे ठाऊक आहे ते सगळं सांगायचं आणि जिथे ठाऊक असणं संपतं ती जागा बोट ठेवून दाखवायची.

आधी तिच्याकडून गुण मोजून घेतले. फिजिक्स 31, केमिस्ट्री 37, गणितात 32 प्रश्न बरोबर, तिथे प्रत्येकी दोन गुण म्हणून 64. एकूण 200 पैकी 132. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे वजा काहीच करायचं नव्हतं. गणिताच्या दोन प्रश्नांच्या तालिकेतल्या उत्तराबद्दल तिची हरकत होती. तिची आकडेमोड मी तपासली. एका प्रश्नात तिचं बरोबर वाटलं, दुसऱ्यात नाही. वडील लगेच म्हणाले, "म्हणजे 134 धरायचे." मी म्हटलं, "नाही दादा. हरकत मान्य होईल की नाही ते आपल्या हातात नाही. आणि प्रश्नच रद्द होऊन त्या सत्रातल्या सगळ्यांना गुण मिळाले, तर हिचे दोन वाढतील, पण ज्यांचं चुकलं होतं त्या सगळ्यांचेही दोन वाढतील. गुण वाढले म्हणून ही त्यांच्या पुढे जाणार नाही."

तिथून पर्सेंटाइलवर आलो. हे मी दरवर्षी कागदावर काढूनच दाखवते. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. तुमच्या सत्रात बसलेल्यांपैकी जितक्यांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण, त्या संख्येला सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. म्हणजे 132 चं मोल तिच्या सत्रातल्या बाकीच्यांवर ठरतं. आदल्या वर्षी आमच्याकडे दोन मुलांचे गुण सारखे होते, सत्रं वेगळी होती. निकालात त्यांच्यात जवळजवळ एका पर्सेंटाइलचा फरक पडला. तिच्या सत्रातल्या मुलांचे गुण मला दिसत नाहीत, मग मी नेमका आकडा कुठून आणू? पूर्वीच्या मुलांवरून मी तिच्यासाठी 96 ते 98 असा पट्टा लिहिला.

वडिलांना तो दोनाचा फरक किरकोळ वाटला. तो अजिबात किरकोळ नाही, आणि खरं बोलणं इथेच झालं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या पीसीएम गटाला 2024 मध्ये तीन लाखांच्या आसपास मुलं बसली होती, 2025 मध्ये चार लाख वीस हजारांच्या वर. चार लाख वीस हजार धरले तर 98 वर असणाऱ्याच्या पुढे साधारण 8,400 मुलं असतात आणि 96 वर असणाऱ्याच्या पुढे 16,800. शिवाय 97 हा आकडा 2024 मध्ये असता तर पुढे नऊ हजार मुलं असती, 2025 मध्ये साडेबारा हजार. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून "97 ला मिळतंय" म्हणणाऱ्याने ही गोष्ट हिशेबात धरलेली नसते. हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागद स्वतःकडे ओढून घेतला.

मग त्यांनी मोबाइलवर आलेली कटऑफची यादी दाखवली. बोट `GOPENH` या रकान्यावर होतं. तो खुल्या गटाचा सर्वसाधारण रकाना. मुलगी ओबीसी, तिच्यासाठी `LOBCH` पाहायला हवा: `L` मुलींच्या जागा, `OBC` प्रवर्ग, शेवटचं `H` म्हणजे गृह विद्यापीठ. संगमनेर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतं, त्यामुळे पुण्यातल्या त्या जागांसाठी तिला `H` लागू पडतं. काही संस्थांत राज्यस्तरीय जागांसाठी शेवटी `S` असतो. रकाना चुकला की सगळा अंदाजच चुकतो, म्हणून मी आकड्यांच्या आधी पालकांचं बोट कुठे आहे ते बघते. यादीत मेरिट क्रमांक वर असतो, पर्सेंटाइल त्याखाली कंसात. मी दोन्ही वाचून दाखवले. त्याचबरोबर नॉन क्रिमीलेअर विचारलं, तर त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली! तो दाखला नसेल तर `LOBCH` चा उपयोगच नाही. त्या संध्याकाळचं सगळ्यात तातडीचं काम तेच निघालं.

"पास तर झाली ना ही?" जाता जाता त्यांनी विचारलं. सीईटीत पास-नापास नसतं. इंजिनिअरिंगच्या पात्रतेला बारावीला पीसीएममध्ये खुल्या गटाला 45 टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीयांना 40 टक्के लागतात. बारावीचा निकाल 5 मेला लागला होता आणि ती त्यात सहज बसत होती. एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगितलं, कारण गुणपत्रिका समोर होती.

निघताना त्यांच्या हातात तीन गटांत मांडलेली कॉलेजं दिली. 98 आले तरच जिथे शक्यता आहे ती वर, 97 च्या आसपासची मध्ये, आणि 96 आले तरी जिथे जागा असायची बरीच शक्यता आहे ती खाली. खालच्या गटापुढेही "नक्की" लिहिलं नाही. मुलीला विचारलं, "अगं, यातलं कुठलं मिळालं तर तू मनापासून जाशील?" तिने मधल्या गटातली दोन खोडली, होस्टेल नव्हतं म्हणून.

16 जूनला निकाल लागला. 96 च्या थोडं वर. वडिलांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता, पण पुढचा प्रश्न यादीबद्दल होता: वरचा गट काढून टाकू का? मी म्हटलं, काढू नका, वर राहिल्याने खालच्याचं काही बिघडत नाही. फक्त त्या वर्षीचा नियम नीट समजून घ्या. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत यादीतली पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली. म्हणून पहिल्या सहांत मन नसलेलं एकही कॉलेज ठेवायचं नाही. दुसऱ्या फेरीआधी आम्ही यादी पुन्हा लावली. वरची दोन तशीच ठेवली आणि तिसऱ्या जागी तिने स्वतः निवडलेलं, मधल्या गटातलं एक घेतलं. दुसऱ्या फेरीत तेच मिळालं, पुण्यातच, पण शाखा आयटी. नॉन क्रिमीलेअर तोवर हातात आला होता.

ऑगस्टमध्ये ते धाकट्याला घेऊन आले, तो अकरावीला होता. "याचं किती होईल ते विचारत नाही," म्हणाले, "त्या रकान्यांचं पुन्हा एकदा समजावून द्या."