टेबलावरची फुलं आणि तो हिरवा ठोकळा

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरीच जेवण ठरलं आणि टेबल सजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आजीचं पितळी तबक होतंच, मेणबत्त्या होत्या, दादरच्या फुलबाजारातून पांढरी शेवंती आणि गुलाब आणले. घोडं पेंड खाल्लं ते फुलं खोचायच्या हिरव्या फोमपाशी.

दुकानदाराने ठणकावून सांगितलं होतं, "बादलीत दाबून धरा ताई, लगेच भिजतो." तसाच भिजवला, फुलं खोचली, आणि दुपारपर्यंत एका बाजूच्या गुलाबांनी माना टाकल्या. चिडून ठोकळा सुरीने मधोमध कापला. कडेने गडद हिरवा आणि जड, पोटात मात्र फिकट, कोरडा, बोट लावलं की भुगा. दाबला की बाहेरचा भाग आधी भिजतो आणि आतली हवा आतच कोंडते. मग वरून कितीही पाणी ओता, त्या गाभ्यात ते शिरत नाही, आणि ज्या देठाचं टोक तिथे पोचलं ते फूल तहानेने मेलंच.

दुसरा ठोकळा पाण्यावर नुसता सोडला आणि हात मागे घेतला. एखाद्या मिनिटात तो आपला आपण खाली बसला, पूर्ण गडद झाला. एवढंच करायचं होतं! हे विकणाऱ्याला माहीत नसावं?

देठ एकदा खोचला की थोडासा वर ओढू नका. टोकाखाली पोकळी राहते आणि पाणी तुटतं. उंची बदलायची तर पूर्ण काढा, नव्या जागी खोचा. वाळलेला फोम पुन्हा नीट भिजत नाही, आणि ते प्लास्टिकच असल्याने कुंडीतही टाकू नका. मी तर आता फोम आणतच नाही. खोलगट वाडग्यात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून बसवते, वर पाणी. फुलं छान उभी राहतात आणि जाळी धुऊन परत वापरता येते.

निशिगंध मी मुद्दाम बैठकीतल्या टीपॉयवर ठेवला. आमटीच्या वासात त्याचा वास मिसळला की दोन्ही बिघडतात. जेवणाच्या टेबलावर फुलं बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खालीच ठेवा, नाहीतर समोरच्याशी बोलताना सगळे माना वाकड्या करतात.

हो, आणि त्याआधी टेबल मोजा. आमचं 90 सेंटीमीटर रुंद. दोन्हीकडच्या ताटांनी साठेक सेंटीमीटर खाल्ले, उरलेल्या पट्टीत भात-आमटीची भांडीही यायची. म्हणून सगळं तबकातच मांडलं. वाढायची वेळ झाली की अख्खं तबक उचलून साइडबोर्डवर.

पंख्याखाली उघडी मेणबत्ती एका बाजूने ओघळते, त्यामुळे त्या काचेच्या उंच ग्लासात ठेवल्या. तरी तबकावर मेण सांडलंच. ते खरवडायचं नाही. तबक थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवलं की मेण आकसून टिचकीसरशी सुटतं.