आज कोलकात्यात रेकॉर्डिंग होतं

मोहरीच्या तेलाची बंगाली रेडिओ ॲड, फक्त तीस सेकंदांची, आणि त्यात आजी, सून, नातू, जिंगल सगळं बसवायचं. लिहिणारे दादा बंगाली, मी साउंड बघत होते. त्यांनी टेबलावर टाळ्या वाजवत ओळ म्हणून दाखवली, "शोर्षेर तेले इलिश भाजा, ठाम्मा डाके आय ना रे!" म्हणजे मोहरीच्या तेलात तळलेला इलिश मासा, आजी हाक मारतेय, ये ना रे. शोर-षेर-ते-ले चार, इ-लिश-भा-जा चार, मग चार आणि शेवटी तीन, तिथे किंचित थांबा. बंगाली बालगीतांची हीच चाल, त्यामुळे कानाला ती आधीपासूनच ओळखीची वाटते.

अडलं ते ब्रँडच्या नावापाशी. नाव पाच अक्षरांचं, चारच्या ठेक्यात कोंबलं की गाणाऱ्याची जीभ अडखळते आणि नेमकं नावच ऐकू येत नाही, मग दादांनी ते जिंगलमधून काढून आजीच्या तोंडी दिलं, साध्या बोलण्यात, आणि काय मस्त बसलं!

दुसरी गंमत वासाची, रेडिओवर तेलाचा झणझणीतपणा कसा दाखवणार? तेल धूर निघेपर्यंत तापवतात, पण धुराला आवाज नसतो ना. म्हणून ओला मासा कढईत पडल्याचा चर्र आवाज एकदम जवळून घेतला, त्यावर नातवाची शिंक आणि आजीचं हसू. मासा कोरडा केला तर चर्र फार मऊ येतं, ते ऐकूनच कळतं, पुन्हा घ्यावं लागलं. मला ती शिंक फार आवडलीय.