उघडत नसलेलं पान आणि तीन वर्षं जुनी पिन

२०२५ च्या जुलैत ठाण्याच्या काकूंचा फोन आला. मोदकाची पिठी, भाजणी, मेतकूट असं त्या घरून विकतात आणि वेबसाईटवर पाककृती लिहितात. "अगं, ते पिंटरेस्ट बंदच करून टाक. होळीपासून तिकडून एक ऑर्डर नाही," म्हणाल्या. त्यांचं पिंटरेस्टचं काम मी २०२२ पासून बघते. अशा वेळी वाद न घालता मी आधी आकडे उघडते.

पिंटरेस्टवर सगळं ठीक दिसत होतं. जुलै २०२२ मध्ये टाकलेली उकडीच्या मोदकांची एक पिन, म्हणजे वेबसाईटच्या पानाची लिंक जोडलेला फोटो, पुन्हा वर यायला लागली होती. गणपती २७ ऑगस्टला होते आणि लोक दीड-दोन महिने आधीपासून शोधायला लागतात. इन्स्टाग्रामची पोस्ट दोन दिवसांत विझते. पिंटरेस्टवर लोक मुळात शोधायला येतात, त्यामुळे चांगली पिन दर हंगामात परत जागी होते.

या पिनवर माझा जीव आहे. उभा फोटो, १००० बाय १५०० पिक्सेल. तयार मोदकांचं ताट मी मुद्दाम घेतलं नव्हतं. तसे फोटो तिथे ढिगाने आहेत. काकूंच्या हातातली पारी, अकरा कळ्या पाडून झालेल्या, तोंड अजून मिटायचं आहे, आतलं सारण दिसतंय, असा क्षण घेतला होता. बघणाऱ्याला वाटावं, हे मला जमायला हवं. शीर्षकही लोक जसं टाईप करतात तसंच: `ukadiche modak without mould`. परदेशातल्या आपल्या मुली हेच शोधतात.

पिनवरून बाहेर जाणारे क्लिक रोज साठ-सत्तर होते. मग ही माणसं जात कुठे होती? वेबसाईटच्या बाजूचा अहवाल उघडला आणि पानांची यादी शीर्षकानुसार लावली. पिंटरेस्टवरून आलेल्यांत सगळ्यात वर `404 Not Found`. मी फोनवर पिन उघडून बोट टेकवलं, तर 'हे पान सापडत नाही'.

फेब्रुवारीत काकूंची वेबसाईट नव्या दुकानाच्या व्यवस्थेवर हलवली होती. करणाऱ्यांनी रंग, बॅनर, पैसे भरायचं बटण असं सगळं सुंदर केलं, पण पाककृतींचे पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्याकडे वाट ठेवली नाही. वेबसाईट करणारे बहुतेकजण असेच वागतात, पहिलं पान चकचकीत झालं की काम संपलं. मला कुणी कळवलं नव्हतं हे खरं. पण मीही पाच महिने फक्त पिंटरेस्टचेच आकडे बघत राहिले, हेही तितकंच खरं. पिंटरेस्ट क्लिक मोजतं. पुढे दार उघडलं की नाही हे तिथे कळत नाही.

काकू म्हणाल्या, "मग पिनांतली लिंक बदल की." माझ्या पिनांतली बदलता आली असती. पण तीन वर्षांत कितीतरी जणींनी थेट वेबसाईटवरून फोटो पिंटरेस्टवरच्या आपापल्या संग्रहांत, म्हणजे बोर्डांवर, सेव्ह केले होते. त्या पिना त्यांच्या, मी हात लावू शकत नाही. उपाय एकच, जुन्या पत्त्यावर कायमचं पुनर्निर्देशन, ज्याला ३०१ म्हणतात:

```
/2022/07/ukadiche-modak/ → /blogs/recipes/ukadiche-modak
```

पिंटरेस्टच्या अहवालातून आणि गूगल सर्च कन्सोलमधून जुने पत्ते गोळा केले, त्र्याऐंशी निघाले. जुना आणि नवा अशा दोन रकान्यांची फाईल करून चढवली. न सापडणारं सगळं मुख्य पानावर पाठवून द्यायचा सोपा मार्ग होता, तो मी घेतला नाही. मोदकाच्या कळ्या बघायला आलेली बाई मेतकुटाची जाहिरात बघून परतच जाणार.

संध्याकाळी एकेक पिन फोनवर उघडून तपासली. मोदकांचं पान उघडलं तेव्हा काकूंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे होळीला पुरणपोळीसाठी आलेल्या सगळ्या दारातूनच परत गेल्या?" हो म्हणाले. त्यातल्या किती जणी पुन्हा येतील, हे मला सांगता आलं नाही. अजूनही मनात तेच घोळतं.

चार पत्ते उरले होते. त्या पाककृती नव्या वेबसाईटवर घेतल्याच नव्हत्या, 'जुन्या आहेत' म्हणून. त्यातल्या तळणीच्या मोदकांच्या पिनवर अजून रोज माणसं येत होती. रात्री साडेदहाला काकूंनी वहीचं पान समोर ठेवून ती कृती पुन्हा टाईप करून पाठवली. गव्हाच्या पिठात मोहन किती घालायचं, तेवढं या वेळी चमच्यांत लिहिलं होतं.